√2 अपूर्णांकात का मांडता येत नाही? अप्रत्यक्ष सिद्धता, एकेक ओळ उलगडून

बाजू 1 असलेला चौरस काढा आणि त्याचा कर्ण जोडा. पायथागोरसच्या प्रमेयाने कर्णाचा वर्ग 1 + 1 = 2 येतो, म्हणजे कर्णाची लांबी √2. लांबी डोळ्यांसमोर आहे, तिला पट्टी लावता येते, आणि तरीही ती दोन पूर्णांकांच्या भागाकाराने अचूक सांगता येत नाही. नववीत याची सिद्धता आठ-दहा ओळींत संपते. पुष्कळ मुलं ती पाठ करतात आणि पेपरात बिनचूक उतरवतातही. पण मधल्याच एखाद्या ओळीवर बोट ठेवून ‘हे कशावरून?’ असं विचारलं की गाडी अडते. इथे त्याच ओळी सावकाश बघू. सम-विषम संख्या, अपूर्णांकाला संक्षिप्त रूप देणं आणि (a + b)² चा विस्तार एवढं येत असेल तर बाकी काही लागणार नाही.

आधी प्रश्न मुळांतून सोडवून घेऊ

p आणि q हे पूर्णांक असतील आणि q शून्य नसेल, तर p/q या रूपात लिहिता येणारी संख्या परिमेय. ज्या वास्तव संख्येला असं रूप देताच येत नाही ती अपरिमेय. √2 धन आहे, त्यामुळे p आणि q दोन्ही धन घ्यायला हरकत नाही.

आता समजा √2 = p/q. दोन्ही बाजूंचा वर्ग करू: 2 = p²/q². q² ने गुणलं की

p² = 2q²

या एका ओळीने मोठं काम होतं. वर्गमूळ गेलं, अपूर्णांक गेला, आणि प्रश्न निव्वळ पूर्णांकांचा उरला: एक वर्गसंख्या दुसऱ्या वर्गसंख्येच्या बरोबर दुप्पट असू शकते का?

हा प्रश्न हाताने करून बघण्यासारखा आहे. q = 5 घेतला तर 2q² = 50, आणि 7² = 49. एकाने हुकलं. q = 12 घेतला तर 2q² = 288, आणि 17² = 289. पुन्हा एकानेच, फक्त दुसऱ्या बाजूने.

पुढचा प्रयत्न तुमच्या टेबलावर पडलेला असेल. A4 कागद 297 मिलिमीटर लांब आणि 210 मिलिमीटर रुंद असतो. या कागदांची मापं अशी ठरवलेली आहेत की कागद मधोमध दुमडला तरी आकाराचं प्रमाण तेच राहावं. लांबी भागिले रुंदी हे प्रमाण x धरलं, तर दुमडलेल्या कागदाचं प्रमाण 2/x होतं. दोन्ही सारखी हवीत, म्हणजे x = 2/x, म्हणजे x² = 2. थोडक्यात, कागदाला √2 हवा आहे आणि कारखान्याला पूर्ण मिलिमीटर हवेत. 297/210 ला 3 ने भागून 99/70 मिळतं. 99² = 9801 आणि 2 × 70² = 9800. इथेही फरक एकाचाच. शिवाय 297 चं अर्धं 148.5 होतं आणि A5 ची रुंदी मात्र 148 आहे, म्हणजे वरचा अर्धा मिलिमीटर सोडून दिलेला आहे.

यापेक्षा कितीतरी जुना आणि जास्त बारीक प्रयत्न बौधायन शुल्बसूत्रात आहे. चौरसाच्या कर्णासाठी तिथे दिलेला नियम असा: बाजूत तिचा एक तृतीयांश मिळवा, त्या तृतीयांशाचा चौथा भाग मिळवा, आणि या शेवटच्या भागाचा चौतिसावा हिस्सा वजा करा. म्हणजे 1 + 1/3 + 1/12 − 1/408. सगळ्यांचा छेद 408 केला की अंश 408 + 136 + 34 − 1 = 577 येतो, आणि अपूर्णांक 577/408. आता ताळा बघा: 577² = 332929 आणि 2 × 408² = 332928. तीन लाखांच्या घरात जाऊनसुद्धा फरक एकाचा!

मग याहून मोठ्या संख्या घेतल्या तर हा एकही जाईल का? करून बघत राहिलो तर याचं उत्तर कधीच मिळणार नाही. कोटीपर्यंतचे सगळे छेद तपासले तरी कोटीच्या पुढचे उरतातच. म्हणून सिद्धता लागते.

कॅल्क्युलेटरचा आधार का पुरत नाही

कॅल्क्युलेटर √2 साठी 1.41421356 दाखवतो. ‘दशांश चिन्हापुढचे अंक संपत नाहीत, म्हणून संख्या अपरिमेय’ असं उत्तर मुलं सर्रास लिहितात. 1/3 चेही अंक संपत नाहीत, तेव्हा हे कारण बाद. मग दुसरं कारण पुढे येतं: ‘अंक संपतही नाहीत आणि त्यांची पुनरावृत्तीही होत नाही.’ विधान खरं आहे, पण पुनरावृत्ती होत नाही हे कळलं कसं? 1/97 करून बघा. यात 96 अंकांचा गट पुन्हा पुन्हा येतो. दहा आकडे दाखवणाऱ्या पडद्यावर त्याची पुनरावृत्ती दिसणारच नाही, आणि संख्या तर उघडउघड परिमेय आहे. पडद्यावर पुनरावृत्ती दिसली नाही यावरून ती नाही असं म्हणता येत नाही.

दशांशातून एवढं मात्र सिद्ध होतं. समजा √2 चे अंक कुठेतरी संपतात. मग शेवटचा शून्येतर अंक 1 ते 9 पैकी एक असणार. या अंकांच्या वर्गांचे शेवटचे अंक 1, 4, 9, 6, 5, 6, 9, 4, 1. त्यांत शून्य नाही. म्हणजे वर्ग केल्यावरही दशांश चिन्हापुढे शून्येतर अंक उरणारच, आणि बरोबर 2 कधी येणार नाही. सुटसुटीत युक्तिवाद आहे, पण त्याने फक्त संपणारे दशांश बाद होतात. 1/3 किंवा 5/7 सारखे अपूर्णांक त्याच्या तावडीतून सुटतात. सगळे अपूर्णांक एका फटक्यात बाद करायचे तर p² = 2q² कडेच परत यावं लागतं.

अप्रत्यक्ष सिद्धता म्हणजे काय करायचं

वर्तमानपत्रातलं सुडोकू सोडवताना एखाद्या चौकटीत 7 असेल का हे कळत नाही. मग तुम्ही पेन्सिलने 7 लिहून पुढे जाता, आणि चार चौकटींनंतर एकाच ओळीत दोन 9 येतात. मधल्या चारही चौकटी नियमाने भरलेल्या होत्या, त्यामुळे दोष त्या पहिल्या 7 चाच. तो खोडला जातो, आणि तिथे 7 नाही हे आता पक्कं कळलेलं असतं.

अप्रत्यक्ष सिद्धतेत हेच करायचं. जे सिद्ध करायचं त्याच्या उलट विधान खरं मानायचं, त्यावरून फक्त योग्य पायऱ्या घेत पुढे जायचं, आणि दोन परस्परविरोधी गोष्टी एकाच वेळी खऱ्या ठरेपर्यंत थांबायचं नाही. ही विसंगती हाती आली की मानलेलं विधान खोटं ठरतं.

यात एक अट लपलेली आहे. विसंगतीचा दोष मानलेल्या विधानावर टाकायचा तर मधली प्रत्येक पायरी निर्दोष हवी. एखादी पायरी कच्ची असेल तर विसंगती त्या कच्च्या पायरीतूनही आलेली असू शकते. म्हणून मुख्य सिद्धतेआधी दोन गोष्टी पक्क्या करून घेऊ.

पहिली तयारी: अतिसंक्षिप्त रूप

प्रत्येक धन अपूर्णांकाला असं रूप देता येतं की अंश आणि छेद यांच्यात 1 सोडून सामाईक विभाजक उरत नाही. 84/60 घ्या. 2 ने भागून 42/30, पुन्हा 2 ने 21/15, मग 3 ने 7/5. आता 7 आणि 5 यांना सामाईक काही नाही.

हे नेहमी जमेल कशावरून? दर वेळी भागल्यावर अंश लहान होतो आणि तरी धन पूर्णांकच राहतो. धन पूर्णांक कायम लहान होत जाऊ शकत नाही, फार तर 1 पर्यंत उतरेल. म्हणजे ही क्रिया कुठेतरी थांबते, आणि थांबते तेव्हा सामाईक विभाजक संपलेले असतात.

यातून कळतं की ‘p/q अतिसंक्षिप्त रूपात आहे असे समजू’ हे वेगळं गृहीतक नाही. √2 अपूर्णांक असेल, तर त्याचं अतिसंक्षिप्त रूप असणारच. आपण फक्त अनेक रूपांपैकी ते निवडतो. शेवटी कोणतं विधान खोडायचं हे ठरवताना हा फरक लागेल.

दुसरी तयारी: p² सम असेल तर p सम

या ओळीवर सगळ्यात जास्त उत्तरं अडखळतात. ‘p² सम आहे, म्हणून p सम आहे’ असं पुस्तकात असतं आणि आपण मान डोलावतो. काही जण कारण म्हणून लिहितात, ‘कारण सम संख्येचा वर्ग सम असतो.’ ते विधान खरं आहे, पण उलट्या दिशेचं आहे. सम संख्येचा वर्ग सम असतो हे कळलं तरी विषम संख्येचा वर्ग सम येत नाही हे त्यातून कळत नाही, आणि आपल्याला नेमकं तेच हवं आहे.

तेव्हा विषम संख्येकडे बघू. विषम संख्या म्हणजे 2 ने भागल्यावर बाकी 1 उरणारी. ती 2k + 1 अशी लिहिता येते, जिथे k हा पूर्णांक आहे. तिचा वर्ग करू:

(2k + 1)² = 4k² + 4k + 1 = 2(2k² + 2k) + 1

कंसातलं पद पूर्णांक आहे. त्याची दुप्पट सम, आणि त्यात 1 मिळवला की विषम. म्हणजे विषम संख्येचा वर्ग नेहमी विषमच येतो. मग p² सम असेल तर p विषम असणं शक्य नाही, आणि पूर्णांकाला सम-विषम सोडून तिसरा पर्याय नाही. म्हणून p सम.

परीक्षेत हे दोन ओळींत लिहिलं तरी चालतं, पण लिहावंच असं माझं मत आहे. सिद्धतेचा सगळा भार याच खिळ्यावर आहे.

मुख्य सिद्धता

उत्तरपत्रिकेत लिहाल तशीच लिहू.

समजा √2 ही परिमेय संख्या आहे.

मग √2 = p/q असे धन पूर्णांक p आणि q मिळतील. p/q हे अतिसंक्षिप्त रूप घेऊ, म्हणजे p आणि q यांना 1 शिवाय सामाईक विभाजक नाही. …(1)

दोन्ही बाजूंचा वर्ग करून p² = 2q². …(2)

उजवी बाजू 2 च्या पटीत आहे, म्हणून p² सम आहे. विषम संख्येचा वर्ग विषम असतो, त्यामुळे p सम आहे.

p = 2k लिहू. k हा धन पूर्णांक आहे. ही किंमत (2) मध्ये ठेवू:

(2k)² = 2q²

4k² = 2q²

2k² = q²

आता डावी बाजू सम आहे, म्हणून q² सम आणि वरच्याच कारणाने q सम आहे.

p आणि q दोन्ही सम, म्हणजे 2 हा दोघांचा सामाईक विभाजक आहे. हे (1) च्या विरुद्ध आहे.

म्हणून √2 परिमेय असू शकत नाही. √2 अपरिमेय आहे.

4k² = 2q² नंतरच्या भागाकाराकडे पुन्हा बघा. डावीकडे दोनदा 2 होता, उजवीकडे एकदाच. एकेक 2 उडाल्यावर डावीकडे एक शिल्लक राहिला आणि त्यानेच q² ला सम ठरवलं. p सम असल्यामुळे p² मध्ये 2 हा अवयव किमान दोनदा येतो, आणि समीकरणात तो q² च्या शेजारी एकदाच लिहिलेला आहे. बाकीचा q² ने स्वतःच्या खिशातून भरावा लागतो.

दोष कोणाचा?

विसंगती आली, पण आपण दोन गोष्टी म्हटल्या होत्या: √2 परिमेय आहे, आणि p/q अतिसंक्षिप्त आहे. मग पहिलीच का खोडायची? कदाचित p/q अतिसंक्षिप्त नव्हता एवढंच चुकलं असेल! ही शंका ज्याला येते त्याला सिद्धता खरोखर कळायला लागली आहे.

याचं उत्तर पहिल्या तयारीत आहे. अतिसंक्षिप्त रूप आपण हक्काने निवडलं, ते असणारच होतं. तरी पटत नसेल तर ती अट काढून टाकू. कोणतेही धन p आणि q घ्या, p² = 2q² होऊ द्या. वरच्याच पायऱ्यांनी दोन्ही सम निघतात. p = 2k आणि q = 2m लिहून समीकरणात ठेवलं की 4k² = 8m², म्हणजे k² = 2m². समीकरण तेच, संख्या मात्र निम्म्या. मग याच न्यायाने k आणि m सुद्धा सम, त्यांचीही निम्मी तेच समीकरण पाळतात, आणि हे संपतच नाही. पण धन पूर्णांक कायम निम्मा करता येत नाही. p = 1000 असता तर 500, 250, 125 वर गाडी थांबली असती, कारण 125 विषम आहे. कोणतीही संख्या घ्या, काही पायऱ्यांनी ती अशीच विषमवर येऊन थांबते. समीकरण मात्र म्हणतं की थांबायचं नाही. तेव्हा असे p आणि q मुळातच नाहीत. मला स्वतःला ही मांडणी पुस्तकातल्या मांडणीपेक्षा जास्त आवडते, फक्त लिहायला लांब पडते.

सिद्धता खऱ्या आकड्यांवर चालवून बघू

p, q, k या अक्षरांत मन रमत नसेल तर वरचे हुकलेले अपूर्णांक घ्या. अतिसंक्षिप्त अपूर्णांकात p आणि q दोन्ही सम असू शकत नाहीत. मग उरतात दोनच प्रकार.

पहिला प्रकार, p विषम. 99/70 मध्ये p = 99. 99² = 9801 हे विषम, आणि 2 × 70² = 9800 हे सम. विषम आणि सम सारखे होणं शक्यच नाही, मग आकडे कितीही जवळ येवोत. 7/5, 17/12 आणि 577/408 हे तिघंही इथेच अडकतात. बौधायनाच्या अपूर्णांकात राहिलेला तो एक म्हणजे सम आणि विषम यांच्यातलं किमान अंतर आहे, ते त्याहून कमी होऊच शकत नव्हतं.

दुसरा प्रकार, p सम आणि q विषम. 24/17 घ्या. 24² = 576 आणि 2 × 17² = 578. दोन्ही सम आहेत, म्हणून सम-विषमाच्या पहिल्या चाळणीतून अपूर्णांक सुटतो. आता दोघांना 4 ने भागा. 576 ला पूर्ण भाग जातो, 144 वेळा. 578 ला जात नाही, 2 बाकी उरते. p सम असेल तर p² ला 4 ने पूर्ण भाग जाणारच. q विषम असेल तर q² विषम, आणि विषम संख्येच्या दुप्पटीला 4 ने भाग जात नाही. त्यामुळे इथेही बरोबरी अशक्य.

एवढ्या दोन कारणांत जगातला प्रत्येक अपूर्णांक बाद होतो. सिद्धतेच्या दोन टप्प्यांनी, आधी p सम आणि मग q सम, हेच दोन प्रकार एकामागोमाग बंद केले. ॲरिस्टॉटलनेही अशक्य निष्कर्षाकडे नेणाऱ्या सिद्धतेचं उदाहरण देताना हेच सांगितलं आहे की चौरसाचा कर्ण आणि बाजू एकाच मापाने मोजता येतात असं मानलं, तर विषम संख्या सम संख्येइतकी ठरते.

हीच सिद्धता √4 वर चालवली तर?

सिद्धता समजली की पाठ झाली हे ओळखायचा माझा आवडता मार्ग म्हणजे तिला खोटं विधान सिद्ध करायला लावणं. √4 = 2, म्हणजे परिमेय. तरी 2 च्या जागी 4 लिहून त्याच ओळी उतरवत गेलो, तर √4 अपरिमेय ठरायला नको. कुठेतरी पायरी तुटलीच पाहिजे. कुठे?

p² = 4q². उजवी बाजू सम, म्हणून p सम. p = 2k ठेवू: 4k² = 4q², म्हणजे k² = q². इथे थांबा. मघाशी डावीकडे शिल्लक राहिलेला 2 या वेळी राहिलाच नाही. q सम आहे असं म्हणायला काही आधार नाही, आणि विसंगतीही नाही. उलट k = q असल्याचं कळलं, म्हणजे p = 2q, म्हणजे p/q = 2. समीकरणाने बिचाऱ्याने खरं उत्तर देऊन टाकलं.

पण कोणी हुशारी करून असं लिहिलं तर? ‘p² ला 4 ने भाग जातो, म्हणून p ला 4 ने भाग जातो. p = 4k ठेवू: 16k² = 4q², म्हणजे q² = 4k², म्हणून q लाही 4 ने भाग जातो. विसंगती!’ दिसायला अगदी पुस्तकासारखं आहे, आणि निष्कर्ष साफ खोटा आहे. चूक पहिल्याच वाक्यात आहे. 6² = 36 ला 4 ने भाग जातो, 6 ला जात नाही. म्हणजे p² चा विभाजक p चाही विभाजक असतो हा नियम 2 ला लागू आहे, 4 ला नाही. ‘p² सम, म्हणून p सम’ ही ओळ गृहीत धरून चालत नाही ती याचमुळे.

√3 आणि √8

√3 साठी चौकट तीच, फक्त सम-विषमच्या जागी 3 ने भाग जाणं येतं. p² = 3q² असेल तर p² ला 3 ने भाग जातो. p ला जातो का? 3 ने भागल्यावर बाकी 0, 1 किंवा 2 उरते, म्हणून तिन्ही प्रकार तपासू. बाकी 1 असेल तर (3k + 1)² = 9k² + 6k + 1 = 3(3k² + 2k) + 1, म्हणजे वर्गाचीही बाकी 1. बाकी 2 असेल तर (3k + 2)² = 9k² + 12k + 4 = 3(3k² + 4k + 1) + 1, पुन्हा बाकी 1. वर्गाला 3 ने पूर्ण भाग जाण्याचा एकच मार्ग उरला, तो म्हणजे p लाच 3 ने भाग जाणं. मग p = 3k, 9k² = 3q², q² = 3k², म्हणून q लाही 3 ने भाग जातो आणि अतिसंक्षिप्त रूपाशी विसंगती येते. मुलं इथे सवयीने ‘p सम आहे’ लिहून जातात. √3 च्या सिद्धतेत ‘सम’ हा शब्द दिसला की समजावं, √2 ची पाठ केलेली सिद्धता डोक्यातून बाहेर पडली आहे.

√8 ला मात्र 8 घेऊन ही चौकट वापरायला जाऊ नका. 4² = 16 ला 8 ने भाग जातो, 4 ला जात नाही, म्हणजे 4 च्या वेळी मोडला तोच नियम इथेही मोडतो. पण √8 अपरिमेय आहेच, आणि ते दाखवायला आता नव्याने काही करायची गरज नाही. √8 = 2√2. समजा √8 = p/q. दोन्ही बाजूंना 2 ने भागा: √2 = p/(2q). p आणि 2q दोन्ही पूर्णांक आहेत, 2q शून्य नाही, म्हणजे √2 परिमेय ठरला. ते खोटं असल्याचं आपण आधीच सिद्ध केलं आहे. म्हणून √8 अपरिमेय आहे. √18 = 3√2 आणि √50 = 5√2 यांचाही निकाल याच तीन ओळींत लागतो.